बिनस्वराचा शब्द

कल्तूमाला ध्वनिशास्त्राच्या पेपरात वीसपैकी सहा मिळाले, तेव्हा वर्गात कुणी हसलं नाही. एक्केचाळीस वर्षांच्या बाईला हसायचं तरी कसं? आमच्या वाचा-उपचाराच्या अभ्यासक्रमातल्या बाकी मुली एकोणीस-वीसच्या. ही मात्र अगादीरच्या इस्पितळात चौदा वर्षं मदतनीस म्हणून राबलेली. डॉक्टर फ्रेंच बोलायचे, नर्सा अरबी, आणि डोंगरातून उतरून आलेले पेशंट फक्त आपली डोंगरातली भाषा, तशल्हीत. मधे उभी कल्तूमा. इकडचं तिकडे सांगता सांगता तिने बाहेरून बाकालोरिया, म्हणजे शाळेची शेवटची परीक्षा, दिली, मग प्रवेशपरीक्षा दिली, आणि एके दिवशी पांढरा कोट घालून आमच्या पहिल्या वर्षात येऊन बसली.

मी तिसऱ्या वर्षाला होते. पहिल्या वर्षाला ध्वनिशास्त्र शिकवणाऱ्या उस्ताद बर्गाशनी मला बोलावून घेतलं.

"इब्तिहाल, दहा दिवसांनी तिची तोंडी फेरपरीक्षा आहे. माझ्या स्लाइड घे आणि तिला नीट समजावून दे. बाई हुशार आहे, पण पाठ करतेय. ध्वनी पाठ करायची गोष्ट नाही."

उस्ताद राजधानीचे, रबातचे, त्याच वर्षी आलेले. त्यांच्या स्लाइड म्हणजे फ्रान्समधल्या कुठल्याशा विद्यापीठात ते शिकले तेव्हापासूनची शिदोरी. बेचाळीस स्लाइड, सगळ्या फ्रेंचमध्ये, आणि उदाहरणं तर त्याहून फ्रेंच.

व्यायामशाळेमागे कर्मचाऱ्यांची चहाची खोली होती. दुपारी तीननंतर तिथे कुणी नसायचं. पहिल्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन गेले, तर कल्तूमा आधीच किटली चढवून बसलेली. टेबलावर पाव, वाटीत बदाम-मधाचं अमलू, आणि एक शंभरपानी वही. वहीत तिने सगळा व्यंजनांचा तक्ता पट्टीने आखून, लाल-निळ्या शाईने उतरवला होता. एकही चूक नव्हती.

"लल्ला कल्तूमा, हे तर सुरेख आहे. मग सहा कसे?" वयाने मोठ्या बाईला आम्ही मानाने लल्ला म्हणतो.

"अगं बेन्ती, पोरी, तक्ता काढायला कुणी सांगितलंच नाही ना. त्यांनी विचारलं, 'ब' आणि 'फ'मध्ये फरक काय. मी म्हटलं, एक दुसऱ्या ओळीत आहे, एक तिसऱ्या."

मला हसू आवरेना. तीही हसली, पण लगेच बोट उगारलं. "हसू नकोस हां. माझ्या मुलीला मी सांगितलंय की आई पास होणार. ती माझ्यापेक्षा कडक आहे."

मी स्लाइड लावली. स्वर: हवा कुठेही न अडता बाहेर येते. व्यंजन: वाटेत कुठेतरी अडते किंवा घासते. फ्रेंच शब्दांची रांग वाचायला लागले, तर ती मान डोलवत राहिली, आणि मला कळलं की ही मान वॉर्डातली आहे. डॉक्टर काहीही म्हणाले की नर्सा डोलवतात ती. मी लॅपटॉप मिटला.

"हे राहू दे. तुझ्या भाषेत तोंडाला काय म्हणतात?"

"इमी."

"म्हण पुन्हा. सावकाश. ओठ कधी मिटले सांग."

"मधे. 'म'ला." तिने बोट ओठांवर ठेवलं. "इ-मी. मिटले, उघडले."

"हवा कुठून गेली तेव्हा?"

मी तिला 'म' लांबवायला सांगितला आणि तिचं नाक चिमटीत धरलं. आवाज कापल्यासारखा बंद. कल्तूमाने डोळे मोठे केले. "नाकातून! अगं, वर्षानुवर्षं नळ्या घातल्यात मी लोकांच्या नाकात, आणि हे माहीत नाही!"

"म्हणून 'म' अनुनासिक. ओठांवर अडवलेला, नाकातून सोडलेला. आता 'ब' म्हण, नाक धरून."

"ब. ब. येतोय."

"कारण त्याची वाट तोंडातूनच आहे. ओठ तेच, वाट वेगळी."

मग तीच म्हणाली, "आणि इम्मी म्हणजे माझी आई. तिथे ओठ जास्त वेळ मिटलेले राहतात. बघ, तोंड आणि आई यांत एवढाच फरक, ओठ किती वेळ मिटले."

हे कुठल्याही स्लाइडवर नव्हतं. फ्रेंचमध्ये अशी दुहेरी व्यंजनं अर्थ बदलत नाहीत. मी वहीच्या कोपऱ्यात लिहून घेतलं, आणि मला वाटतं, शिकवणारी आणि शिकणारी यांची अदलाबदल तिथेच सुरू झाली. मला मात्र ते कळायला आणखी तीन दिवस लागले.

मी मूळची सफीची. घरी अरबी, शाळेत फ्रेंच. अगादीरमध्ये तीन वर्षं काढून तशल्हीत मला बाजारापुरतंच येत होतं. त्यामुळे शब्द तिने द्यायचे आणि त्यातला ध्वनी कुठे बसतो ते मी दाखवायचं, अशी आमची वाटणी झाली. तोंडातल्या जागा पाठ होईनात, तेव्हा तिने स्वतःच तोड काढली. तशल्हीतमध्ये दाराला 'घराचं तोंड' म्हणतात.

"मग तोंडाचं घर करू," ती म्हणाली. "ओठ म्हणजे दार. तिथे 'ब' आणि 'म'. दात म्हणजे उंबरा, तिथे 'त'. अकाल, म्हणजे जमीन, त्यातला 'क' कुठे?"

"जिभेची पाठ वर टेकते, मऊ टाळूला. मागच्या खोलीत."

"आणि अग़्रूम, पाव? त्यातला 'ग़' आणखी मागे, मोरीपाशी." तिने घसा खाकरून दाखवला. "आणि 'ह़' तर पार विहिरीत."

फ्रेंच बोलणारे जिथे अडतात तिथे ही सरसर उतरत होती, कारण तिच्या घरात मागच्या खोल्या भरपूर होत्या. तिची अडचण पुढे होती. ओठ गोल करून, जीभ पुढे ठेवून म्हणायचा तो फ्रेंच 'यू'सारखा स्वर तिला येईना. तशल्हीतमध्ये स्वर तीनच. पुढे वर 'इ', मागे वर 'उ', आणि खाली 'आ'. फ्रेंचच्या स्लाइडवर मात्र स्वरांची अख्खी वरात.

"इझी म्हण," मी म्हटलं. इझी म्हणजे माशी. "शेवटच्या 'ई'वर थांब. जीभ हलवू नकोस. आता फक्त ओठ 'उ'चे कर."

तिने केले. तोंडातून चोख पॅरिसचा स्वर बाहेर पडला. ती दचकलीच. "ही कोण बोलली?"

"जीभ माशीची, ओठ 'उ'चे. झालं. उंची, पुढे-मागे, आणि ओठ. स्वर ओळखायला हे तीनच प्रश्न विचारायचे."

ती दिवसभर तो स्वर म्हणत हिंडली. व्यायामशाळेतल्या पोरांनी विचारलं, लल्ला, दात दुखतोय का?

माशीवरून आणखी एक गंमत निघाली. तोच शब्द जड 'झ'ने म्हटला, जिभेचं मूळ मागे ओढून, तर अर्थ होतो पित्ताशय. आणि त्या जड 'झ'शेजारी 'इ' तसा राहत नाही, जरा खाली उतरून 'ए'कडे झुकतो. आम्ही दोन्ही 'इ'चे ठिपके स्वरांच्या त्रिकोणी तक्त्यात मांडले. "म्हणजे मनात तीन स्वर आणि तोंडात जास्त," ती म्हणाली. पहिल्या वर्षाला असताना मला हेच समजायला अर्धं वर्ष लागलं होतं.

चौथ्या दिवशी एकतिसावी स्लाइड आली.

'प्रत्येक अक्षराच्या गाभ्यात स्वर असतो. स्वराशिवाय व्यंजनांची रांग उच्चारता येत नाही.'

कल्तूमाने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि पेन खाली ठेवलं.

"हे चूक आहे."

"कुठलं?"

"सगळंच. माझी आई दिवसातून दहादा म्हणते. मी बाहेरून आले, अंगावरची लांब जेलाबा खुंटीला लावली, की स्वयंपाकघरातून विचारते, त्क्क्स्त्स्त्त?"

"काय?"

"त्क्क्स्त्स्त्त. काढलीस का ती."

मला फक्त फुसफुस आणि टकटक ऐकू आली. ओल्या लाकडावर पाण्याचे थेंब पडावेत तशी. "मधे बारीक स्वर असणार," मी ठामपणे म्हटलं. "खूप छोटा. तुला जाणवत नाही इतकंच. स्वराशिवाय आवाज पुढे जाणारच नाही."

"बेन्ती, चाळीस वर्षं मी बोलतेय."

"बोलणाऱ्याला कळतंच असं नाही."

हे मी म्हटलं. अजून आठवलं की कानशिलं तापतात. ती रागावली नाही. वॉर्डात चौदा वर्षं काढलेल्या बाईला डॉक्टरांचा असला सूर ओळखीचा होता. तिने फक्त माझा हात उचलला आणि स्वतःच्या गळ्यावर ठेवला. तीन दिवसांपूर्वी मीच तिला हे शिकवलं होतं: 'स' म्हणताना गळा शांत, 'झ' म्हणताना गळा थरथरतो, आणि स्वर म्हणताना तर नक्कीच थरथरतो.

"धर. त्क्क्स्त्स्त्त."

गळा दगडासारखा शांत.

"पुन्हा म्हण."

तिने पाचदा म्हटलं. शेवटी 'आ' म्हणाली, आणि माझ्या बोटांखाली मधमाश्यांचं पोळं जागं झाल्यासारखं झालं. पुन्हा तो शब्द, पुन्हा शांत.

मी लॅपटॉपवर ध्वनिमुद्रण केलं आणि त्याचं चित्र मोठं केलं. स्वर असता तर गडद आडवे पट्टे दिसले असते. पट्टे कुठेच नव्हते. होत्या त्या 'स'च्या धुरकट उभ्या सरी आणि 'त', 'क' फुटतानाच्या बारीक रेघा. जिथे स्वराने बसायचं, तिथे 'स' किंवा 'क' आरामात मांडी घालून बसलेला. सगळ्या व्यंजनांचे पाय मोडलेले, तरी शब्द चालत होता.

"दिसला का तुझा बारीक स्वर?" कल्तूमाने चहा ओतत विचारलं.

मला अचानक लल्ला इज्जा आठवली.

लल्ला इज्जा इस्पितळातल्या सरावातली माझी पेशंट. अम्मेलन खोऱ्यातली, सत्तरीची, गालिचे विणणारी. दोन महिन्यांपूर्वी तिला पक्षाघाताचा झटका आला होता. उजवा हात सुधारला, पण वाचा तपासायची होती. आमच्याकडे तपासणीची यादी अरबी. तिची अरबी तुटपुंजी, म्हणून मी तिला तिच्याच भाषेत बोलू दिलं आणि कानाने टिपलं. माझ्या अहवालात माझ्याच अक्षरात होतं: 'स्वर गाळते. अक्षरं कोसळतात.' आणि तीन आठवडे मी तिच्याकडून व्यायाम करून घेत होते. प्रत्येक व्यंजनानंतर एक स्वर. ता, का, सा. ती बिचारी म्हणायची. दर वेळी माझ्याकडे अशा नजरेने बघायची, की मला वाटायचं, दमली असेल.

मी कल्तूमाला सगळं सांगितलं. तिने अमलूची वाटी माझ्याकडे सरकवली. "खा आधी. उद्या सकाळी जाऊ."

सकाळी लल्ला इज्जा खिडकीपाशी बसून दोन्ही हातांनी लोकरीचा गुंता सोडवत होती. कल्तूमाने तिच्या डोक्याचं चुंबन घेतलं, शेजारी बसली आणि तशल्हीतमध्ये बोलायला लागली. पाऊण तास. मी वहीत ध्वनी टिपत होते आणि कल्तूमा मधून मधून माझ्याकडे वळून सांगत होती: हे बरोबर, हेही बरोबर, हा शब्द आमच्याकडेही असाच. एक चूक मात्र खरी सापडली. जड 'झ' आणि हलका 'झ' यांत म्हातारी घोटाळा करत होती. पित्ताशय म्हणायला गेली आणि माशी म्हणाली. तिचं तिलाच हसू आलं.

"जिभेचं मूळ मागे जात नाही अजून," मी म्हटलं. "म्हणजे व्यायाम याचा हवा होता. मी भलत्याच गोष्टीचा दिला."

कल्तूमाने ते तिला सांगितलं. लल्ला इज्जा माझ्याकडे बघून काहीतरी बोलली, आणि कल्तूमा हसता हसता खुर्चीवरून पडायची राहिली.

"काय म्हणाल्या?"

"म्हणतात, ही सफीची पोर मला ता-का-सा शिकवायची. मला वाटलं, हिला बोलता येत नाही, म्हणून हिच्याबरोबर कुणीतरी सराव करायला हवा. मी पुण्य समजून म्हणत होते."

मी लल्ला इज्जाचा हात धरून माफी मागितली. तेवढं तशल्हीत मला येत होतं, आणि तेही तिने मला दुरुस्त करून दोनदा म्हणायला लावलं. मग मी अहवालातलं ते वाक्य खोडलं, शेजारी तारीख घातली, खरं काय ते लिहिलं आणि सही केली. विभागप्रमुख मॅडमना दाखवलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं, म्हणाल्या, "स्वतःची चूक स्वतः सांगितलीस, बरं केलंस. जड 'झ'चे व्यायाम सुरू कर. आणि ही कल्तूमा सोबत असू दे."

राहिलेले दिवस आम्ही स्लाइडवर काढले. एकतिसाव्या स्लाइडचं काय करायचं, हा प्रश्न होता. मी म्हटलं, "परीक्षेत जे लिहिलंय ते सांग. पास हो. भांडण नंतर करू."

"आणि त्यांनी नेमकं तेच विचारलं तर?"

"तर स्लाइड सांग, लल्ला. हात जोडते."

फेरपरीक्षेच्या दिवशी मी बाहेर बाकावर बसले होते. दार अर्धवट उघडं. उस्ताद बर्गाश एकेक प्रश्न टाकत होते आणि कल्तूमा दाराच्या उंबऱ्यापासून विहिरीपर्यंत न अडखळता जात होती. 'ब' आणि 'फ'चा फरक? दोन्ही ओठ एका ठिकाणी, खालचा ओठ आणि वरचे दात दुसऱ्या ठिकाणी. पहिला अडवून सोडलेला, गळा थरथरणारा. दुसरा घासत जाणारा, गळा शांत. 'उ' कसला? वरचा, मागचा, ओठ गोल. मी मनात टाळ्या वाजवल्या.

"छान," उस्ताद म्हणाले. "शेवटचं. अक्षर बनायला किमान काय लागतं?"

"उस्ताद, तुमच्या स्लाइडप्रमाणे स्वर लागतो," कल्तूमा म्हणाली. "ते मी लिहून देते. पण माझ्या आईच्या भाषेत लागत नाही. ते मी म्हणून दाखवू शकते."

मी डोळे मिटून घेतले.

"म्हणा."

"त्क्क्स्त्स्त्त."

"पुन्हा."

तिने म्हटलं. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दारातून डोकावले, तर उस्ताद टेबलावरून पुढे झुकून स्वतःच्या गळ्याला हात लावून तो शब्द म्हणायचा प्रयत्न करत होते, आणि त्यांच्या तोंडून येत होतं 'तेकेसेतेसेत'. कल्तूमा वॉर्डातल्या संयमाने म्हणत होती, "नाही उस्ताद, मधे थांबू नका. तुम्ही स्वर घालताय."

शेवटी उस्ताद मागे टेकले. "याबद्दल वाचलं होतं मी," ते सावकाश म्हणाले. "विद्यार्थी असताना. तळटीपेत. वाटलं होतं, कुठल्यातरी दूरच्या भाषेची गोष्ट असेल." मग त्यांनी चष्मा पुसला. "थरथरणारी व्यंजनं असली की मधे स्वरासारखं काहीतरी ओझरतं ऐकू येतं, त्यावर लोक वाद घालतात. पण या शब्दात तेही नाही. बरोबर आहे तुमचं."

"मग स्लाइड?"

"स्लाइडवर 'बहुतेक भाषांत' एवढे दोन शब्द राहिले होते. ते घालतो."

कल्तूमाला सोळा मिळाले. बाहेर येऊन तिने मला मिठी मारली, आणि तिच्या खांद्यावरून मला दिसलं, की उस्ताद अजून खोलीत एकटेच बसून ओठ हलवत होते.

तिने मुलीला फोन लावला. पलीकडून काय विचारलं गेलं कुणास ठाऊक, पण कल्तूमा म्हणाली, "नाही गं, वीसपैकी चार कुठे गेले ते विचारायचं राहिलं. विचारते हं." आणि फोन खिशात टाकून मला म्हणाली, "सांगितलं होतं ना, कडक आहे."

आम्ही बंदराकडे निघालो, भाजलेले मासे खायला. उद्यापासून लल्ला इज्जाकडे आठवड्यातून तीनदा जायचं ठरलं होतं. यादी तशल्हीतमध्ये कल्तूमा करणार होती, ध्वनींच्या जागा मी लिहिणार होते. वाटेत ती मला जड 'झ' शिकवत होती. मला काही केल्या तो जमेना, आणि समोरून येणारे लोक आमच्याकडे वळून वळून बघत होते.